फोटोतल्या गावात बर्फ पडतो का? छपराचा उतार, धुराडी, पाख्यावरचे दांडे आणि दुहेरी काच

पांढरीचा_मास्तर
शाळेत भूगोलाच्या खेळासाठी एक जुने कॅलेंडर वापरतोय. पानावर कुठल्याशा परदेशी गावाचा फोटो आहे, खाली नाव नाही. उन्हाळा दिसतो: खिडक्यांत लाल फुले, रस्त्यावर ऊन, मागचे डोंगर ढगात. मुलांनी घरे बघून तिथले हवामान सांगायचे आहे.

काय दिसते ते लिहितो. घरे दुपाखी, वळचण भिंतीपासून बरीच बाहेर आलेली. प्रत्येक घराला आढ्याजवळ एक धुराडे. पाख्याच्या खालच्या भागात वळचणीला समांतर लोखंडी दांडे बसवलेत, जिन्याच्या कठड्यासारखे, पण जेमतेम वीतभर उंच. खिडक्यांच्या काचांत समोरच्या घराचे प्रतिबिंब दोनदा दिसते, थोडे सरकून.

वर्गात तीन मते पडली. एक गट म्हणतो उतार कमी, म्हणून बर्फ पडत नसणार. दुसरा म्हणतो धुराडी आहेत म्हणजे इंग्लंड. तिसऱ्या गटाने पट्टीने उतार मोजला तर एका घराचा २४ अंश आला आणि शेजारच्या तशाच घराचा ३०. आता मीच गोंधळलोय.

बांधकाम_अमरावती
सर, सोपे आहे. बर्फाच्या देशात छप्पर उभट असते, बर्फ घसरून पडावा म्हणून. २४ अंश म्हणजे आपल्या मंगलोरी कौलांचा उतार. तिथे बर्फ नाही, पाऊस असेल. धुराडे म्हणजे थंडी आहेच. थंड पण बिनबर्फाचा देश, म्हणून इंग्लंडवाला गट बरोबर.

तर्री_पोहा
ते दांडे माकडांसाठी असतील. आमच्याकडे बसवा म्हणतो कधीचा, वानरं एका दुपारी अर्धा पाखा उलटून जातात.

वैनगंगाकाठ
तर्री_पोहा यांनी गमतीत म्हटले, पण फोटोतली सगळ्यात बोलकी गोष्ट ते दांडेच आहेत. ते बर्फ अडवायचे आहेत. ज्या गावात छपरावर बर्फ साचून राहतो आणि खाली माणसे चालतात, तिथेच असा खर्च कोणी करते. पहिल्या गटाचा आणि बांधकामभाऊंचा निष्कर्ष त्या एका गोष्टीने पडतो.

उतार कमी म्हणजे बर्फ नाही, हे उलटे आहे. आल्प्सच्या पहाडातल्या जुन्या लाकडी घरांचे उतार कमीच असतात, वीस-पंचवीस अंशांच्या आसपास. वर लाकडाच्या फळकुट्या आणि त्या उडू नयेत म्हणून दगड ठेवायचे. उतार जास्त असता तर दगडच खाली आले असते. बर्फ घसरून जावा असा तिथे हेतूच नव्हता. अर्धा-एक मीटर बर्फ छपरावर बसला की तो घराला गोधडीसारखा उबदार ठेवतो, कारण भुसभुशीत बर्फात हवा भरलेली असते. वळचण रुंद ठेवतात ती भिंत आणि सरपण कोरडे राहावे म्हणून.

आता २४ आणि ३० चे. मास्तर, ३० वाले घर फोटोत समोरून आहे की तिरपे?

पांढरीचा_मास्तर
तिरपे आहे. २४ वाले अगदी समोरून दिसते. आकडे देतो. समोरच्या घराची तिकोनी बाजू एका वळचणीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६४ मिलिमीटर, आणि त्या टोकांच्या रेषेपासून आढे १४ मिलिमीटर वर. तिरप्या घराची रुंदी ४९, उंची तीच १४.

वैनगंगाकाठ
मग दोन्ही घरे सारखीच आहेत. समोरच्या घरात अर्धी रुंदी ३२, उंची १४. चौदाला बत्तिसाने भागले की ०.४४, म्हणजे साधारण २४ अंश. तिरप्या घरात अर्धी रुंदी २४.५ झाली, उंची तशीच राहिली, भागाकार ०.५७ म्हणजे ३० अंश. घर तिरपे उभे असले की रुंदी दबते, उंची दबत नाही. म्हणून तिरप्या घराचा उतार कायम खऱ्यापेक्षा जास्त भासतो, कमी कधी भासत नाही.

दुरुस्तीही मुलांना करता येईल. दोन्ही घरांना सारख्या खिडक्या असतील तर एक-एक मोजायला सांगा. समोरच्या घराची खिडकी १३ उंच आणि १० रुंद असेल आणि तिरप्याची १३ उंच पण पावणेआठ रुंद भरली, तर रुंदी सुमारे पाऊणपट झाली. ४९ ला त्याच पटीने मोठे केले की ६३-६४ मिळतात.

दोन चुका मात्र टाळा. रुंदी भिंतीपाशी मोजायची आणि उंची वळचणीच्या टोकापासून, असे केले की उतार फुगतो, कारण वळचणीचे टोक भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली लोंबते. दोन्ही मापे एकाच टोकापासून घ्या. आणि फोटो खाली रस्त्यावरून मान वर करून काढला असेल तर उंचीही दबते. तेव्हा अंशाच्या आकड्यावर फार भिस्त नको, वीस ते पंचवीस एवढे म्हणा.

कवेलूवाला
बांधकामभाऊ, बर्फ-पाऊस नंतर, आधी छपरावर काय घातलेय ते बघा. उतार ठरतो त्यावरून. आमच्या भंडारा-गोंदियाकडे हाताने थापलेली नळीची कवेलू खिळ्याविना नुसती एकावर एक ठेवलेली असतात. उतार कमी केला की वाऱ्यासोबत पाणी मागे चढून कवेलूखाली शिरते. जास्त केला की कवेलू घसरत वळचणीला गोळा होतात. म्हणून तो मधलाच राहतो, गवंड्याच्या मनात आले म्हणून बदलत नाही. गवताचे छप्पर मात्र चांगले उभट लागते, नाहीतर पाणी आत मुरून सडते.

म्हणजे फोटोत उभट छप्पर दिसले तर आधी विचारायचे, गवत आहे का? चपटी छोटी कौले आहेत का? हॉलंडकडे उभट कौलारू घरे किती तरी आहेत, आणि तिथे बर्फ काही फार नसतो.

लोणारकर
यात भर घालतो. आमच्या वऱ्हाडात धाब्याची घरे, वर सपाट मातीचे छत. लेहमध्येही सपाट मातीचेच छत. इकडे उन्हाळ्यात ४५ अंश, तिकडे हिवाळ्यात उणे २०. छप्पर मात्र एकच! तापमान छपरावरून कळत नाही हे यावरूनच सिद्ध. आकाशातून पाणी कमी पडते एवढेच कळते.

कवेलूवाला
लोणारकर, अर्धे पटले. लेहला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून. अकोल्याला त्याच्या सात-आठ पट. तरी धाबे टिकते ते पांढऱ्या मातीमुळे. ती पाण्याने फुगून भेगा बुजवते, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर द्यावा लागतो. तो चुकला की छत गळलेच म्हणून समजा. तेव्हा सपाट छत म्हणजे कमी पाऊस हेही घाईचेच. योग्य माती हाताशी असली तरी ते जमते.

लोणारकर
बरं बाप्पा, पण बर्फाच्या गावात तरी सपाट छत नसेलच ना?

वैनगंगाकाठ
असते ना. जपानच्या उत्तरेला सप्पोरो शहर आहे, वर्षाला पाच मीटरच्या घरात बर्फ पडतो. तिथली बरीच नवी घरे वरून सपाट दिसतात. घरे एकमेकांना लागून, बर्फ शेजाऱ्याच्या अंगणात टाकायची सोय नाही. म्हणून छत मधोमध किंचित खोलगट करतात, वितळलेले पाणी मधल्या पन्हाळीतून घराच्या आतून खाली नेतात. घर उबदार असल्यामुळे ती पन्हाळ गोठत नाही. त्याच जपानात शिराकावाच्या खोऱ्यात गवती छपरे साठ अंशांपर्यंत उभी. दोन्ही ठिकाणी बर्फ भरपूर, फरक मोकळ्या जागेचा आणि छपरावरच्या मालाचा.

मीना_अकोट
धागा दुहेरी काचेचा आहे म्हणून विचारते. आमच्या पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात बसवत नाही. खिडकीला दुहेरी काच लावली तर फरक पडेल का? साधारण किती अंतर ठेवायचे मध्ये?

काचघर_वर्धा
ताई, धागा दुसऱ्याच काचेचा आहे, पण उत्तर देतो. दोन काचांमध्ये १२ ते १६ मिलिमीटर पोकळी ठेवतात. साध्या एकेरी काचेपेक्षा आतबाहेर जाणारी उष्णता जवळपास अर्धी होते. पण हे हवेच्या उष्णतेचे झाले. पश्चिमेचे ऊन सरळ काचेवर येते, ते साध्या दुहेरी काचेतूनही बरेचसे आत येतेच आणि आत आले की अडकते. एसी दिवसभर चालत असेल तर दुहेरी काच परवडते. नसेल तर आधी खिडकीबाहेर सावली करा: छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडले पाहिजे, आतला पडदा उशिराचा उपाय.

आता मास्तरांच्या फोटोचे. प्रतिबिंब दोनदा दिसते म्हणजे काचा दोन आहेत हे बहुतेक खरे. एका काचेतही पुढच्या-मागच्या पृष्ठभागाची दोन प्रतिबिंबे पडतात, पण ती इतकी चिकटून असतात की लांबून एकच दिसते. दोन प्रतिमा स्पष्ट सुट्या दिसल्या की मधे पोकळी आहे. जवळून बघायचे असेल तर रात्री काचेपुढे काडी पेटवून धरतात, दुहेरी काचेत चार ज्योती दिसतात.

एक अजून बघा. प्रतिबिंबातल्या सरळ रेषा, समजा समोरच्या घराची वळचण, काचेच्या मधोमध वाकलेल्या दिसतात का? दुहेरी काच कारखान्यात हवाबंद करतात. मग बाहेरचा दाब बदलला की काचा फुगतात किंवा आत दबतात. सखल भागात बनवलेली काच हजार मीटर उंचीवर नेली तर बाहेरचा दाब दहा टक्क्यांहून जास्त कमी होतो आणि काच पोटासारखी बाहेर येते. म्हणून पहाडातल्या गावांसाठी काही कारखाने बारीक नळी ठेवून दाब जुळवून देतात.

पांढरीचा_मास्तर
भिंग लावून पाहिले. रेषा वाकलेल्या आहेत, पण पोट बाहेर की आत ते मला सांगता येईना.

काचघर_वर्धा
पोट बाहेर असेल तर मधले प्रतिबिंब लहान, गोटीवर दिसते तसे. आत असेल तर मोठे, चमच्याच्या खोलगट बाजूसारखे. पण खरे सांगायचे तर छापील कॅलेंडरवरून यावर पैज लावू नका. थंडीत आतली हवा आकसते, उन्हात फुगते, त्यामुळे एकच खिडकी सकाळी एक आणि दुपारी दुसरे दाखवते. उंचीचा पुरावा म्हणून हे कच्चेच.

आणि दुहेरी काच म्हणजे थंडी, हेही पूर्वी खरे होते, आता नाही. आता गोंगाटासाठी विमानतळाजवळ लावतात, एसीसाठी दुबईत लावतात. जुनी खूण वेगळी आहे. व्हिएन्ना-बर्लिनकडे जुन्या इमारतींना दोन वेगळ्या खिडक्या असतात, एक बाहेरच्या कडेला, एक आतल्या, मध्ये वीतभर पोकळी. बाहेरची काच भिंतीच्या अगदी तोंडाशी आणि तिच्यामागे खोलवर दुसरी चौकट दिसली तर ती थंडीसाठीच. रशियाकडे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटे उघडणारे झडप असते. सगळी खिडकी उघडली तर घर गोठेल, म्हणून तेवढेच उघडून हवा घेतात. ते दिसले की लगेच ओळखावे.

बांधकाम_अमरावती
ठीक, उताराचे मागे घेतो. पण धुराडे म्हणजे थंडी हे तरी कबूल करा.

वैनगंगाकाठ
थंडीपेक्षा ते इंधन आणि घराचे वय जास्त सांगते, भाऊ. इंग्लंडच्या जुन्या चाळवजा घरांवर एका धुराड्याला चार-सहा मातीच्या नळ्या असतात, कारण प्रत्येक खोलीत वेगळी कोळशाची शेगडी आणि प्रत्येकीला वेगळी नळी. लंडनची थंडी काही मोठी नाही, कोळसा मात्र मुबलक होता. उलट सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात जानेवारीची सरासरी उणे ४० च्या जवळपास, पण तिथल्या मोठ्या इमारतींवर शेगडीची धुराडी नाहीत. एका मध्यवर्ती केंद्रातून गरम पाणी नळाने घरोघर येते. जमीन कायम गोठलेली म्हणून ते नळ रस्त्याकडेने जमिनीवरूनच नेलेले दिसतात. तिथे थंडी ओळखायची तर नळ बघायचे. बर्फही तिथे फार जाड साचत नाही, हवा कोरडी.

धुराड्याची जागा मात्र हवामान सांगते. अमेरिकेत उत्तरेच्या न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरांत धुराडे घराच्या पोटात, म्हणजे विटांची ऊब घरातच राहते. दक्षिणेला व्हर्जिनियाकडे ते टोकाच्या भिंतीला बाहेरून लावलेले, म्हणजे स्वयंपाकाची धग बाहेर जाते. माणसे एकाच इंग्लंडातून गेलेली, धुराडी वेगळी झाली.

मास्तरांच्या फोटोत धुराडे आढ्याजवळ, एकच आहे. म्हणजे मधोमध एक मोठी शेगडी. शिवाय बर्फाच्या गावात धुराडे वळचणीकडे ठेवत नाहीत. घसरणारा बर्फ त्याला धक्का देऊन मुळापासून हलवतो. ठेवावेच लागले तर वरच्या बाजूला तिकोनी टोपी काढतात, होडीच्या टोकासारखी, बर्फ दुभंगून जावा म्हणून.

पेंच_किनारा
हे सगळे नॉर्वेलाही लागू पडते की. मला तर नॉर्वे वाटते.

वैनगंगाकाठ
असू शकते, नाही म्हणत नाही. पण नॉर्वेत धुराड्यापर्यंत पाख्यावर शिडी हमखास दिसते, धुराडे साफ करणाऱ्यासाठी. मास्तर, शिडी आहे का? आणि दांड्यांच्या ओळी किती, एक की जास्त? तेही बघा.

पांढरीचा_मास्तर
शिडी नाही, एका घरावर चार-पाच सुट्या पायऱ्या आहेत. दांड्यांची एक ओळ बहुतेक घरांवर. एका घराला पत्रा आहे, त्यावर मात्र तीन ओळी.

वैनगंगाकाठ
हे छान सांगितलेत. तीन ओळी का, ते हिशोबाने दाखवता येईल. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आत असतो, दबून बसला की तीनशेपर्यंत जातो. एक मीटर दबलेला बर्फ म्हणजे पाख्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलो. उतार २४ अंश, तर त्यातले साधारण चार दशांश वजन पाख्याच्या दिशेने खाली ओढते, म्हणजे सुमारे १२० किलो. पाखा आढ्यापासून वळचणीपर्यंत सहा मीटर धरला तर वळचणीच्या दर मीटरमागे ७०० किलोच्या वर रेटा. खडबडीत कौलावर बर्फ चिकटून बसतो, घर्षण बराच भाग पेलते, म्हणून एक ओळ पुरते. पत्र्यावर घर्षण फारच कमी. घराच्या उबेने बर्फाचा तळ वितळला की पाण्याच्या पातळ थरावर सगळा पाखा एकदम सुटतो. म्हणून रेटा तीन ओळींत वाटून द्यावा लागतो.

बिघाडही इथेच होतो. दांड्याचे पाय नुसत्या कौलाला किंवा पट्टीला अडकवले, खाली वाशापर्यंत नेले नाहीत, की दांडा आडवा होतो, कौले उपटतात आणि पन्हाळ घेऊनच सगळे खाली येते. फोटोत पन्हाळ मध्येच वाकलेली किंवा दरवाज्यावर नवी दिसली तर तेच झालेय समजा.

तर्री_पोहा
७०० किलो! म्हणजे मीटरमागे बैलजोडी बसलीय दांड्यावर. वानरं परवडली.

कवेलूवाला
दांडे नसले म्हणजे बर्फ नाही, असेही मुलांना शिकवू नका मास्तर. आजूबाजूला मोकळी जागा असेल तर पत्रा उभट ठेवून बर्फ पडू देतात. काश्मिरात गुलमर्गकडची टिनाची छपरे तशीच. दांडे दिसले तर बर्फ नक्की, नाही दिसले तर काहीच नक्की नाही.

पांढरीचा_मास्तर
हे फळ्यावर लिहितो. मग गाव कुठले धरायचे? दांडे म्हणजे बर्फ साचतो. रुंद वळचण आणि कमी उतार म्हणजे आल्प्सची पद्धत. धुराडे मधोमध. काच दुहेरी, पण ती नवी बसवली असेल म्हणून कमी गुण. जर्मनीतल्या बव्हेरियाचा दक्षिण भाग, ऑस्ट्रियातले टिरोल की स्वित्झर्लंड?

वैनगंगाकाठ
एवढ्यावरून तिन्हीत निवड होणार नाही. छपरांना देशाची सीमा कळत नाही. भिंतीवर चित्रे रंगवलेली असतील तर बव्हेरिया-टिरोलकडे झुकेन.

पेंच_किनारा
मी अजून नॉर्वेवरच आहे. फोटोत गाडीची नंबरप्लेट दिसते का मास्तर?

पांढरीचा_मास्तर
गाडी आहे, पण नंबरच्या जागी नेमके कॅलेंडरचे भोक आले. चित्रे एका भिंतीवर आहेत, खिडक्यांभोवती. मुलांना उद्या उताराची दुरुस्ती करायला देतो, खिडकीवाल्या पद्धतीने.